आधार ई-साइन केलेला भाडेकरार आणि ५०० रुपयांचा ऑनलाइन स्टॅम्प: मुंबईत तो कुठपर्यंत टिकतो?

प्रश्न: "मुलुंड पूर्वेतला माझा फ्लॅट २४ महिन्यांसाठी दिला आहे. भाडे ३२,००० आणि डिपॉझिट १,६०,००० रुपये. भाडेकरू बंगळुरूला असल्यामुळे एका वेबसाइटवरून ५०० रुपयांचा स्टॅम्प घेऊन आम्ही दोघांनी आधार ई-साइन केले, तीन आठवड्यांपूर्वी पीडीएफ मिळाली. हा करार वैध आहे का? स्टॅम्प पुरेसा आहे का? आणि ही पीडीएफ नीट कशी जपून ठेवायची?"

उत्तर:

तुमची सही वैध आहे, पण मुद्रांक अपुरा आहे आणि कराराची नोंदणी झालेली नाही. तिन्ही गोष्टी एकाच पीडीएफमध्ये एकत्र दिसत असल्यामुळे एक चालली की सगळे चालले असा समज होतो. म्हणून त्या वेगवेगळ्या घेऊन पाहू.

सहीविषयी शंका नसावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ५ नुसार इलेक्ट्रॉनिक सहीला हाताने केलेल्या सहीइतकीच मान्यता आहे आणि आधारवर आधारित ई-साइन हा त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत २०१५ पासून मान्य केलेला प्रकार आहे. स्थावर मालमत्तेच्या कागदावर ई-साइन चालत नाही, असे अनेकजण सांगतात. त्या समजाचे मूळ पहिल्या अनुसूचीतल्या जुन्या अपवादात आहे. स्थावर मालमत्तेची विक्री किंवा हस्तांतरण करणारे करार त्यात वगळलेले होते आणि २०२२ मध्ये तो अपवादही काढून टाकण्यात आला. तुमच्या कराराला तो कधीच लागू नव्हता, कारण आपण मुंबईत ज्याला भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे असा परवाना राहण्याची केवळ परवानगी देतो, त्यातून मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. तेव्हा "सही संगणकावर केली म्हणून करार रद्द" असे तुमचा भाडेकरूही म्हणू शकणार नाही आणि तुम्हीही म्हणू शकणार नाही.

अडचण सहीच्या पुढची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृतही असला पाहिजे. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. इतर अनेक राज्यांत ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी टळते आणि देशभर चालणाऱ्या वेबसाइटी तोच साचा सर्वांना विकतात. महाराष्ट्रात मात्र करार ११ महिन्यांचा असो वा २४ महिन्यांचा, नोंदणी चुकत नाही. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे, आणि ई-साइन ही नोंदणी नव्हे.

शिक्षेच्या तरतुदीपेक्षाही याच कलमाचा दुसरा भाग घरमालकाने नीट समजून घ्यावा, असे मला वाटते. करार नोंदणीकृत नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार घरमालकावर येतो. माझ्याकडे गोरेगावच्या एक ज्येष्ठ बाई असेच एक प्रकरण घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे दोघांच्या सहीची स्वच्छ पीडीएफ होती आणि तीत भाडे २८,००० लिहिलेले होते. भाडेकरूचे म्हणणे असे की, प्रत्यक्षात २२,००० ठरले होते आणि वरची रक्कम तो दरमहा डिपॉझिटमध्ये जमा करत होता. नोंदणीकृत दस्त असता, तर हा मुद्दा पहिल्याच दिवशी निकाली निघाला असता. आम्हाला मात्र बँकेची विवरणपत्रे, संदेश आणि पावत्या एकेक करून मांडत दीड वर्ष घालवावे लागले. उलट, नोंदणीकृत करार हाती असला की मुदत संपल्यावर घर खाली करून घेण्यासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट परवाना शुल्क मागता येते.

आता स्टॅम्पकडे येऊ. "भाडेकराराला ५०० चा स्टॅम्प लागतो" हे वाक्य मी रोज ऐकतो. लिव्ह अँड लायसन्सचे शुल्क असे ठोक नसते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद ३६-अ प्रमाणे, ६० महिन्यांपर्यंतच्या करारासाठी तीन रकमांची बेरीज करून त्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क येते. पहिली रक्कम म्हणजे संपूर्ण मुदतीचे भाडे. दुसरी म्हणजे परत न मिळणारी ठेव, असल्यास. तिसरी म्हणजे परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के दराने धरलेले व्याज. हे व्याज कुणी कुणाला द्यायचे नसते. मोठे डिपॉझिट घेऊन भाडे नाममात्र दाखवायचे आणि शुल्क वाचवायचे, ही पळवाट बंद करण्यासाठी ते फक्त हिशोबात धरले जाते.

तुमच्या बाबतीत २४ महिन्यांचे भाडे ७,६८,००० रुपये होते. १,६०,००० रुपयांवर दोन वर्षांचे व्याज ३२,००० रुपये. बेरीज बरोबर ८,००,००० आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे २,००० रुपये. याखेरीज महापालिका क्षेत्रातली नोंदणी फी १,००० रुपये, आणि ऑनलाइन दस्तासाठी पोर्टल दाखवेल ते दस्त हाताळणी शुल्क वेगळे. म्हणजे तुमच्या करारावर १,५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क कमी भरलेले आहे. करार ११ महिन्यांचाच केला असता तरीही सुमारे ९१७ रुपये लागले असते, म्हणजे ५०० तेव्हाही पुरले नसते. कमी शुल्काचा दस्त कलम ३४ मुळे न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. तो जप्त होऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि कमी पडलेल्या रकमेवर दस्त केल्याच्या तारखेपासून दरमहा २ टक्के दंड लागतो. १,५०० रुपयांवरचा दंड काही फार नसतो. खरा तोटा हा की, गरज पडते त्याच दिवशी कागद हातातून जातो आणि महिनेभर परत येत नाही.

ऑनलाइन स्टॅम्प म्हणजे नक्की काय, हे न कळल्यामुळे बरेच लोक फसतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. महाराष्ट्रात मुद्रांक ऑनलाइन घेणे म्हणजे राज्य शासनाच्या तिजोरीत शुल्क भरणे आणि त्याचे चलन मिळवणे. हे पैसे `gras.mahakosh.gov.in` या ग्रास प्रणालीतून जातात आणि प्रत्येक चलनाला MH या अक्षरांनी सुरू होणारा जीआरएन क्रमांक मिळतो. कुणीही तुम्हाला "ऑनलाइन स्टॅम्प" दिला, तर त्याच संकेतस्थळावर चलन शोधून रक्कम, तारीख आणि पैसे भरणाऱ्याचे नाव स्वतः जुळवून पाहा. चलन सापडले म्हणून काम संपले असेही नाही. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक ते चलन प्रणालीत विरूपित करतात, ज्याला सगळे "डिफेस केले" असे म्हणतात, आणि तेव्हाच ते चलन त्या एका दस्ताला कायमचे बांधले जाते. डिफेस न झालेले चलन म्हणजे शासनाकडे पैसे पोहोचल्याची नुसती पावती. ती उद्या दुसऱ्या दस्ताला लावली जाऊ शकते किंवा तिचा परतावाही मागितला जाऊ शकतो. नोंदणी न केलेल्या पीडीएफच्या पहिल्या पानावर चिकटवलेल्या चलनाच्या चित्राला म्हणूनच फारसे वजन नसते. ज्या दस्ताची नोंदणी करायचीच नसते, त्यासाठी अधिकृत बँकेतून सुरक्षित छापील कागदावर मिळणारी ई-एसबीटीआर हा मार्ग आहे, पण लिव्ह अँड लायसन्सला नोंदणी हवीच असल्यामुळे तुम्हाला त्याची गरज नाही.

तुमच्या ५०० रुपयांच्या स्टॅम्पविषयी आणखी दोन गोष्टी तपासा. एक, तो कोणत्या राज्याचा आहे? घर मुलुंडला आणि मुद्रांक दुसऱ्याच राज्याचा, असे करार मी पाहिले आहेत. त्या राज्याला मिळालेल्या पैशाने महाराष्ट्राचे शुल्क भरले जात नाही. दोन, खरेदीची तारीख सहीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची आहे का? आपल्याकडे शुल्क सहीपूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर सहीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी भरावे लागते. जुना स्टॅम्प कितीही दिवसांनी वापरता येतो, असे देशपातळीवरच्या एका न्यायनिर्णयाच्या आधारे सांगितले जाते, पण महाराष्ट्राच्या कायद्यात कलम ५२-ब आहे आणि त्यानुसार घेतल्यापासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद होतो.

आता काय करायचे? हाती असलेली पीडीएफ दुरुस्त करत बसू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या `efilingigr.maharashtra.gov.in` या पोर्टलवर त्याच अटींचा नवा दस्त तयार करा. परवान्याची सुरुवात प्रत्यक्ष ताबा दिला त्याच तारखेची ठेवा आणि आधी ई-साइन केलेल्या कराराची जागा हा दस्त घेतो, असे एक कलम घाला. नाहीतर दोन करार शिल्लक राहतात आणि पुढे दोघांपैकी एकाला सोयीचा तोच खरा वाटू लागतो. पोर्टलवर जिल्हा निवडून पासवर्ड ठरवला की टोकन क्रमांक मिळतो. मग मालमत्ता, पक्षकार, भाडे, डिपॉझिट आणि अटी भरायच्या. मसुदा दोघांनी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण दस्त नोंदवून झाल्यावर फ्लॅट क्रमांकातली एक चूक सुधारायलाही वेगळा चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो. शुल्क भरल्यानंतर प्रत्येक पक्षकाराचे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो आणि तो आधारशी जुळवला जातो. दोघांनी एकाच खोलीत बसण्याची गरज नाही. तुमचा भाडेकरू बंगळुरूला मान्यताप्राप्त बायोमेट्रिक यंत्रावर, त्याच टोकन क्रमांकाने, आपला भाग पूर्ण करू शकतो. ज्या गैरसोयीमुळे तुम्ही त्या वेबसाइटकडे वळलात, ती इथे मुळातच नव्हती.

अंगठा जुळत नसेल, तर यंत्राला दोष देण्याआधी आधारचे बायोमेट्रिक लॉक आहे का ते पाहा. ते लॉक ठेवणे ही चांगली सवय आहे आणि दस्त करणाऱ्यांनी तर ती जरूर लावून घ्यावी, कारण नोंदवलेल्या दस्तावरच्या ठशांचा गैरवापर करून बँक खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आलेले आहेत. नोंदणीच्या दिवशी लॉक उघडा आणि काम झाले की पुन्हा लावा. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. त्यांना हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून दुसरे बोट लावायला सांगावे. बहुतेक वेळा काम होते.

सगळ्यांत जास्त गैरसमज शेवटच्या टप्प्यावर होतो. एजंट टोकन क्रमांक असलेला, फोटो आणि अंगठे असलेला छापील मसुदा हातात देतो आणि लोक तोच करार म्हणून सोसायटीत जमा करतात. तो दस्त तेव्हा फक्त सादर झालेला असतो. दुय्यम निबंधक तो तपासतात, त्रुटी असल्यास परत पाठवतात आणि मान्य झाल्यावरच नोंदवतात. झालेली नोंदणी ओळखायची खूण सोपी आहे. दस्ताला कार्यालयाचे संक्षिप्त नाव, क्रमांक आणि वर्ष मिळून एक दस्त क्रमांक पडलेला असतो, शेवटी गोषवाऱ्याची पाने असतात आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, स्वतंत्र निघतो. हे नसेल, तर त्रुटीसाठी परत आलेला दस्त पोर्टलवर पडून असण्याची शक्यता मोठी आहे आणि ते कुणी आपणहून कळवेल, यावर विसंबून राहू नये. नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त केल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर व्हायला हवा. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरून सादर करता येतो.

आता पीडीएफ जपण्याविषयी. डिजिटल सही कागदावर दिसणाऱ्या हिरव्या खुणेत किंवा नावाच्या चौकटीत नसते, ती फाइलच्या आत असते. त्यामुळे छापील प्रत ही फक्त नक्कल ठरते. तीच पीडीएफ छापून पुन्हा स्कॅन केली, लहान करण्यासाठी कॉम्प्रेस केली, आधार कार्डाच्या पीडीएफला जोडली किंवा तिचे फोटो काढून पाठवले, तर चौकट तशीच दिसते, पण आतली सही गेलेली असते. म्हणून पोर्टलवरून उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा आणि सोसायटीला, बँकेला किंवा कंपनीला द्यायच्या त्या प्रती तिच्यावरून करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा, चित्र म्हणून नव्हे.

फाइल उघडल्यावर सहीजवळ पिवळे प्रश्नचिन्ह आणि Validity unknown असे दिसले, तर घाबरू नका. संगणकाला भारताच्या प्रमाणन नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. अॅडोबी रीडरमध्ये सहीच्या तपशिलात जाऊन ते प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून जोडले की खूण हिरवी होते. मात्र फाइलमध्ये सहीनंतर बदल झाला आहे, असा संदेश आला, तर तो गांभीर्याने घ्यायचा आणि पोर्टलवरून नवी प्रत उतरवायची. तुमच्या जुन्या ई-साइनच्या पीडीएफमध्ये प्रमाणपत्राची मुदत केवळ ३० मिनिटांची दिसेल. आधार ई-साइनचे प्रमाणपत्र एवढ्याच वेळापुरते दिले जाते. सहीच्या क्षणी ते चालू होते की नाही, इतकेच पाहायचे असते.

एक काम आजच करून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक दस्त न्यायालयात मांडताना एक प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या विहित नमुन्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरांची ओळ. एक स्वल्पविराम बदलला तरी ती पूर्ण बदलते. विंडोज संगणकावर फाइल असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्या:

```
certutil -hashfile karar.pdf SHA256
```

६४ अक्षरांची ओळ मिळेल. ती आणि मूळ पीडीएफ एकाच ईमेलने भाडेकरूला पाठवा आणि "मिळाली, बरोबर आहे" एवढे उत्तर त्याच्याकडून घ्या. पुढे कुणी वेगळी फाइल पुढे केली, तर कोणती मूळ आणि कोणती बदललेली, हे दोन मिनिटांत दाखवता येते. जुन्या ई-साइन केलेल्या पीडीएफचीही अशीच हॅश काढून ठेवा. ती करार म्हणून आता वापरायची नसली, तरी तीन आठवड्यांपूर्वी कोणत्या अटी ठरल्या होत्या, याची ती साक्ष आहे.

नोंदणीकृत दस्ताचा मोठा फायदा असा की, तुमच्याकडची प्रत हरवली, तरी दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते आणि ती मजकुराचा पुरावा म्हणून चालते. त्यासाठी दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि कार्यालयाचे नाव एवढे तीन तपशील घरच्या वहीत हाताने लिहून ठेवा. फाइलच्या दोन प्रती पुरतात, एक स्वतःच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक स्वतःच्या ऑनलाइन खात्यात. डिजीलॉकरमध्ये स्वतः चढवलेली फाइल सुरक्षित राहते, पण तिथे ठेवल्यामुळे ती शासनाने प्रमाणित केलेली ठरत नाही. ड्राइव्हची कुणालाही उघडता येणारी लिंक सोसायटीच्या गटावर टाकणे मात्र कटाक्षाने टाळा. त्या दस्तात दोघांचे फोटो, ठसे, पॅन आणि पत्ते असतात. सोसायटीला इंडेक्स टू आणि ज्या पानांची खरोखर गरज आहे तीच द्या, आणि आधारची प्रत मागितली, तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्या.

भाडेकरू घर सोडून गेला म्हणून फाइल लगेच काढून टाकू नका. डिपॉझिट किंवा थकलेल्या भाड्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करता येतो, तेव्हा ताबा परत मिळाल्यानंतर आणखी तीन वर्षे मूळ पीडीएफ, हॅशचा तो ईमेल, ताबा परत दिल्याची पावती आणि डिपॉझिट परत केल्याचे बँक विवरण एकाच फोल्डरमध्ये राहू द्या. भाडेकरूच्या आधार आणि पॅनच्या सुट्या प्रती मात्र हिशोब मिटला की पुसून टाका.